अंगठ्याखालची तारीख

१८ जानेवारी १९६६, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. ही वेळ माझ्या वहीत आहे, म्हणून ती मी खात्रीने सांगू शकते. त्या मिनिटाला मी मुळशीच्या दवाखान्यातील औषधांच्या खोलीत उभी होते आणि माझ्या हातात काचेची एक बरणी होती. बरणीवर निळ्या शाईत 'टेट्रासायक्लिन' एवढेच लिहिलेले होते. आत कॅप्सूलच्या चंदेरी पट्ट्या उभ्या कोंबल्या होत्या. एखाद्याला ते दृश्य नीटनेटके वाटले असते. मी मात्र त्या पट्ट्यांच्या पेट्या शोधू लागले.

बी.एस्सी. झाल्यावर औषधनिर्माणाची परीक्षा देऊन मी तेथे रुजू झाले, तेव्हा माझे वय तेवीस होते. घरच्यांनी पुण्यातल्या पुण्यात नोकरी बघ म्हणून सांगितले होते. पण शहरात मला कुणाच्या तरी हाताखाली बाटल्या धुवाव्या लागल्या असत्या. येथे संपूर्ण कोठार माझ्या ताब्यात होते. गावात माझ्या पदाला शब्दच नव्हता. लोकांनी तो तयार केला: 'कंपाउंडरीणबाई'. खरे कंपाउंडर वेगळे होते. पंचावन्नच्या पुढचे, जाड भिंगाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्याच्या वरून बघणारे. त्यांना मी काका म्हणत असे आणि ते मला बाई म्हणत. आमच्यात वर्षभर एक सभ्य युद्ध चालू होते. मी कपाटांना क्रमांक दिले की ते जुन्या जागेवरूनच बाटली काढत. मी नोंदवहीत नवा रकाना आखला की ते म्हणत, "बाई, रकान्यानं ताप उतरतुया व्हय?"

पट्टी ही चीज तेव्हा आमच्याकडे नवीच होती. काकांचा सारा जन्म डब्यांत गेला होता. हजार गोळ्यांचा डबा यायचा, तो बरणीत रिकामा करायचा, चमच्याने गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत बांधायच्या. बरणी अर्धी झाली की नवा डबा वरून ओतायचा. औषधाचे नाव बरणीला असे. डब्यावरचा बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत डब्याबरोबर भंगारात जात. बहुतेक साध्या गोळ्यांचे त्याने काही अडत नसे. टेट्रासायक्लिनचे अडते. त्याला मुदत असते, आणि मुदत उलटून दमटपणात पडून राहिलेले टेट्रासायक्लिन केवळ निकामी होत नाही, तर मूत्रपिंडाला इजा करू शकते, हे तेव्हा नुकतेच कळू लागले होते. मुळशीत तर पावसाळाभर चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते.

म्हणून मी येण्याआधीच्या काळातील मुदत संपलेल्या पट्ट्यांची एक पेटी मी खालच्या फडताळात वेगळी ठेवली होती. ती परत पाठवण्याचा हुकूम यायचा होता. पेटीवर मी लाल शाईने 'मुदत संपली' असे लिहिले होते. पट्ट्या मोजल्या मात्र नव्हत्या, कारण त्या पाठवतानाच मोजायच्या होत्या. शनिवारी दुपारी मी रजेवर पुण्याला गेले, ती मंगळवारी सकाळीच परतले. त्याच संध्याकाळी एस.टी.ने त्याच कंपनीचा नवा माल आला. चलान मागाहून येणार होते. रविवारी दवाखाना बंद, काकांना निवांत वेळ. मला बरे वाटावे म्हणून त्यांनी खोली आवरली. दोन्ही पेट्या फोडल्या, पट्ट्या एका स्वच्छ बरणीत भरल्या, स्वतःच्या वळणदार अक्षरात नाव लिहिले आणि पेट्या चुलीत घातल्या.

"लाल अक्षर दिसलं नाही का काका?"

"दिसलं की. मला वाटलं, माल संपला म्हणून लिवलंय. मग बगतो तर आत माल." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "बाई, माझं काय चुकलं?"

टेबलावर कागद पसरून मी पट्ट्या एकेक करून उलगडल्या. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला, कॅप्सूल नसलेल्या सपाट भागावर, ठसा दाबून तीन ओळी उठवलेल्या होत्या. वर बॅच क्रमांक, मध्ये उत्पादनाचा महिना आणि वर्ष, खाली मुदतीचा महिना आणि वर्ष. सगळे आकडे इंग्रजी. शाई नव्हतीच, नुसता पत्र्यावर उमटलेला उंचवटा. समोरून पाहिले तर काही दिसत नसे, खिडकीकडे तिरपे धरले की सावली पडून आकडा उभा राही. बरणीत दोनच बॅच होत्या. एक २१७: उत्पादन नोव्हेंबर ६२, मुदत ऑक्टोबर ६४. दुसरी २४१: उत्पादन डिसेंबर ६४, मुदत नोव्हेंबर ६६. दोन्हींतील एकेक कॅप्सूल मी उघडली. २४१ची भुकटी पिवळी, मोकळी. २१७ची काळपट तपकिरी, कवचाला चिकटलेली.

"ह्यातली कुणाला दिली?"

"काल येकालाच. अख्खी पट्टी. त्या मेंढरंवाल्याला, त्याच्या बायकूसाठी."

काल, सोमवारी सकाळी, घाट उतरून कोकणात निघालेला धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारी चार-सहा कुटुंबे, दवाखान्याच्या खालच्या पडीक रानात थांबला होता. त्यातील एकाच्या बायकोला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर तिला ठेवून घ्यायला तयार होते, पण मेंढरे थांबत नाहीत. तेव्हा दहा कॅप्सूलची पट्टी देऊन, दर सहा तासांनी एक, असे नवऱ्याकडून पाठ करून घेऊन त्यांनी तिला जाऊ दिले होते. एव्हाना तिच्या पोटात चार गेल्या असाव्यात. पिवळ्या की तपकिरी, हे कुणालाच माहीत नव्हते. दोन्ही पेट्यांची मोजदाद नव्हती, त्यामुळे बरणीतील पट्ट्या मोजूनही काही निष्पन्न होणार नव्हते.

डॉक्टर तिशीचे, अविवाहित, आणि पगाराचा बराच भाग कॅमेऱ्याच्या फिल्मवर घालवणारे. मी सर्व सांगितल्यावर त्यांनी ओसरीकडे पाहिले. बाजाराचा दिवस होता, बाके भरली होती. मोटारसायकल एक, डॉक्टर एक. वाडा घाटाखाली नेमका कोठे उतरला असेल, हे शोधण्यात दिवस जाणार. आणि पट्टी चांगली निघाली तर? घाबरलेला माणूस पुढे एकही गोळी बायकोला देणार नाही आणि न्यूमोनिया आपले काम करील.

"एक दिवस सगळ्यांना परत पाठवायचं, तर मला कारण हवं," ते म्हणाले. "शंका पुरणार नाही, बाई."

तेवढ्यात बाहेर खलबत्ता पुसता पुसता काका म्हणाले, "सायेब, तुमी त्याचा फोटू काढला न्हवता का?"

काढला होता. त्या धनगराने पट्टी उन्हात धरून विचारले होते, "डाक्टर, ही चांदीची हाय व्हय?" आणि काका म्हणाले होते, "व्हय, आन् सोन्याची पायजेल तर पुण्याला जा." तो हसला, आणि ती पांढरी मिशी, ते लाल मुंडासे आणि ती चमकणारी पट्टी पाहून डॉक्टरांना राहवले नव्हते. तीन फुटांवर जाऊन त्यांनी चित्र घेतले होते. सकाळचे ऊन बाजूने येत होते.

बाजूने. मी तो शब्द मनात दोनदा उच्चारला.

"फिल्म संपायला पाच चित्रं बाकी आहेत," डॉक्टर म्हणाले. "ती मी धरणाच्या भिंतीसाठी ठेवली होती."

"भिंत कुटं जातीया?" काका म्हणाले.

दवाखान्याच्या डोक्यावरून धरणाची वीज मुंबईला जात असे आणि आम्ही कंदिलावर काम करत असू. त्या दिवशी अंधाराची मात्र टंचाई भासली. औषधांच्या खोलीची खिडकी तीन घोंगड्यांनी बंद करून डॉक्टर आत गेले. बाहेर मी घड्याळ धरून मिनिटे सांगत होते. फिल्म धुऊन झाली, पण वाळायला तास लागला असता. पाणी मिसळलेल्या स्पिरिटमधून ती काढली तर लवकर वाळेल, असे मी सुचवले. तशी ती वीस मिनिटांत वाळली. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, आणि मला तेव्हा झालेला आनंद त्या परिस्थितीत शोभणारा नव्हता, हे आज कबूल करते.

कागदावर मोठी प्रत काढण्याचे साधन आमच्याकडे नव्हते. पण सूक्ष्मदर्शक होता, थुंकीचे नमुने तपासण्याचा. निगेटिव्हच त्याखाली ठेवायची, असे मी ठरवले. त्यात तीन गोष्टी सांभाळायच्या होत्या. फिल्मची चकाकती बाजू वर ठेवायची, नाहीतर आकडे आरशातल्यासारखे उलटे दिसतात. सूक्ष्मदर्शक प्रतिमा अर्धा फेरा फिरवतो, म्हणून फिल्म आधीच डोके खाली करून लावायची. आणि निगेटिव्हमध्ये उजेड काळा व सावली पांढरी असते, हे डोळ्याला सतत बजावत राहायचे. मी आरसा फिरवून ऊन वर घेतले आणि सर्वांत कमी वाढीचे भिंग लावले. त्याहून मोठे लावण्यात अर्थ नव्हता. फिल्मचे कण मोठे होतात, माहिती तेवढीच राहते.

प्रथम दिसला अंगठा. पट्टी त्या धनगराने नेमकी ठशाच्या टोकाला धरली होती. मुदतीची ओळ संपूर्ण अंगठ्याखाली. वरच्या दोन ओळींचा डावा भाग अंगठ्याखाली. उरला होता बॅच क्रमांकाचा शेवटचा आकडा, आणि मधल्या ओळीच्या शेवटी वर्षातला सहा व त्यापुढचा आकडा, पण त्या शेवटच्या आकड्यावर पत्रा उन्हात झळाळल्याने निगेटिव्हवर काळा डाग आला होता.

माझी मांडणी सोपी होती. मुदत दिसायची गरज नाही. बॅच दोनच आहेत. २१७ आणि २४१. शेवटचा आकडा सात असेल तर मुदत ऑक्टोबर ६४, एक असेल तर नोव्हेंबर ६६. एका आकड्यावर सगळे. मी बराच वेळ पाहिले. उभी, किंचित तिरकी रेघ होती. वर डावीकडे छोटे टोक होते. छापील इंग्रजी एकलाही वर असे टोक असते.

"एक," मी म्हणाले. "२४१. नवी बॅच. जायला नको."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही. तो श्वासच मला खटकला. प्रयोगशाळेत आम्हाला एक शिस्त लावली होती: उत्तर काय यावे असे ज्याला वाटते, त्याने एकट्याने वाचन घेऊ नये. मला उत्तर काय यावे असे वाटत होते, ते मला ठाऊक होते.

"डॉक्टर, तुम्ही बघा."

त्यांनी पाहिले. "एकच वाटतो. पण तुम्ही आधी सांगितलंत, म्हणून वाटतो का, कुणास ठाऊक."

दारात काका उभे होते. त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ मी वर्षभरात कधी येऊ दिले नव्हते. धूळ बसते, असे मी म्हणत असे. खरे कारण धूळ नव्हते.

"काका, या. मी काही सांगणार नाही. काय दिसतं ते बोला."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला.

"सात हाय," ते म्हणाले.

"एक नाही?"

"न्हाई. ह्या कंपनीचा येक, पाय ठिवून उभा ऱ्हातो, बाई. खाली आडवी रेघ असती त्याला. ह्याला पाय न्हाई. लंगडा हाय."

"तुम्हाला काय माहीत?" माझा आवाज चढला होता.

ते ओशाळले. पट्टीतल्या दोन-दोन कॅप्सूल कापून द्यायची वेळ आली की काका कात्री नेहमी ठशाच्या टोकाकडून चालवत. ते टोक रिकामे. त्यांच्या लेखी ते पट्टीचे देठ. यावरून मी त्यांना दहादा बोलले होते, कारण मग उरलेल्या पट्टीला ना क्रमांक राहतो ना मुदत. ती कापलेली देठे ते फेकतात, अशी माझी समजूत होती. ते ती जमवत. गणपतीत नातीसाठी मखराला चिकटवायला. एक टोक सरळ, एक उलटे, सारखे आकडे सारख्या रांगेत, अशी त्यांनी शेकडो टोके लावली होती. त्यांनी ते आकडे कधी वाचले नव्हते. पण प्रत्येकाची घडण त्यांना तोंडपाठ होती.

मी धावत जाऊन बरणीतून २४१ची पट्टी आणली आणि खिडकीत तिरपी धरली. एकाखाली पाय होता, ठसठशीत. २१७ आणली. त्यातील मधल्या एकालाही पाय होता, सातला नव्हता.

पुन्हा डोळा लावला. रेघेचे खालचे टोक हवेत संपत होते. मी वरचे टोक पाहिले होते आणि खाली पाहायचे टाळले होते.

एका पुराव्यावर डॉक्टरांनी दवाखाना बंद करावा, हे मला मान्य नव्हते. दुसरा हवा होता. मी काळ्या डागाकडे वळले. वर्षाचा दुसरा आकडा दोन किंवा चार, याखेरीज काही असू शकत नव्हता. डागाने वरचा सारा भाग खाल्ला होता, पण त्याच्या खालच्या कडेबाहेर थोडेसे काही उरले होते. चार असता तर तेथे एका उभ्या दांड्याचा शेवट दिसला असता. दिसत होती ती आडवी, सपाट रेघ. दोनची बैठक.

उत्पादन ६२. मुदत, अंगठ्याखाली, ऑक्टोबर ६४.

"जुनी आहे," मी म्हणाले. "मी चुकले होते. काका बरोबर आहेत."

डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शने पिशवीत घातली आणि ओसरीवर जाऊन, दवाखाना आज बंद, असे सांगितले. बाकावरची एक म्हातारी उखडली. "आमी काय येडं हाय व्हय सकाळपासनं बसून? आन् ह्यो चालला फटफटीवर!" काकांनी तिला काय सांगितले ते मी ऐकले नाही, पण ती गप्प झाली. जाताना डॉक्टरांनी विचारले, "तिच्या नवऱ्याला तिथं खात्री पटवायची तर काय करू?" मी म्हणाले, "पट्टीचं टोक उन्हात तिरपं धरा. तिसरी ओळ वाचा."

मोटारसायकल ताम्हिणीच्या वळणाआड गेली तेव्हा बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. मी आणि काका बरणीसमोर बसलो. मी वाचत होते, ते लावत होते: २१७ डावीकडे, २४१ उजवीकडे. तासाभरात दोन्ही ढीग वाढले. मग ते म्हणाले, "बाई, त्या बाईला काय झालं तर माझ्या हातनं झालं."

"पेटीवर मी लिहिलं, काका. पट्टीवर लिहायला हवं होतं. पेटी जाते, पट्टी राहते."

त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे. त्यांनी फक्त कात्री उचलून माझ्याकडे सरकवली. मी ती परत त्यांच्याकडे सरकवली. "दुसऱ्या टोकाकडून," मी म्हणाले. "एवढंच."

अंधार पडायच्या आत एक मालमोटार दवाखान्यापुढे थांबली. पुढे मोटारसायकल, मागे लाकडाच्या ओंडक्यांवर घोंगडीत गुंडाळलेली ती बाई, आणि तिच्या शेजारी नवरा, मुंडाशाच्या घडीत पट्टी सांभाळून बसलेला. त्याने ती काढून माझ्या हातात दिली. पाच कॅप्सूल उरल्या होत्या. ठशाचे टोक शाबूत होते. "ते म्या फाडलंच न्हाई," तो म्हणाला. "चांदीवरचा शिक्का हाय म्हणलं, ऱ्हाऊ द्यावा."

दिव्याजवळ पट्टी तिरपी केली. २१७. नोव्हेंबर ६२. ऑक्टोबर ६४.

दहा दिवस ती ओसरीलगतच्या खोलीत होती. मेंढरे पुढे गेली; नवरा मागे राहिला आणि काकांबरोबर विड्या ओढत बसला. रोज सकाळी मी तिची लघवी परीक्षानळीत उकळून पाहत असे. दोन दिवस पांढुरका गढूळपणा आला, मूत्रपिंडातून प्रथिन गळत असल्याची खूण, आणि मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तो कमी झाला. सहाव्या दिवसापासून पाणी स्वच्छ. काका नळी उजेडाकडे धरत, आणि मी विचारण्याआधीच म्हणत, "निवळ हाय बाई. लिवा."

आता शहरातील प्रयोगशाळेत मला हवी ती सर्व उपकरणे मिळतात. येथे ठसे वाचण्यासाठी तिरप्या प्रकाशाचा खास दिवा आहे. कुठलाही संशयास्पद आकडा दोन माणसांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न सांगता वाचायचा, हा नियम येथे मी आणला आहे. तो कोठून आला, हे कुणी विचारत नाही. कधी कधी नवी पट्टी दिव्याखाली धरते तेव्हा त्या खोलीतील स्पिरिटचा, घोंगड्यांचा आणि विड्यांचा मिसळलेला वास येतो, आणि वाटते, दारात कुणीतरी चष्म्याच्या वरून बघत उभे आहे. मी त्या दवाखान्यातून निघाले त्या दिवशी काकांनी मला कागदात गुंडाळून एक वस्तू दिली. मखरावरच्या त्या देठांची एक जुनी रांग होती. सगळे 'एक' पाय ठेवून उभे, सगळे 'सात' लंगडे.

जुनी वही मी जपून ठेवली आहे. २८ जानेवारीच्या पानावर नवऱ्याच्या अंगठ्याचा निळा ठसा आहे, पेशंट नेल्याची खूण म्हणून. त्याच्या वर, जागा सोडून, माझ्या हातच्या दोन ओळी आहेत. लघवी: स्वच्छ. ताप, सकाळी आठ वाजता: ९८.४.